न पोचलेल्या दिव्याचे पैसे

दिव्यांच्या दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना सगळे जुळवाताई म्हणायचे. हे नाव मालकांनी ठेवलेलं. कामाला लागल्या त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी कोरिअरवाल्याचं बिल पार्सलांशी ताडून पाहिलं आणि त्यातली दोनदा लावलेली पार्सलं शोधून काढली. मालक खूश होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही काय वाट्टेल ते जुळवाल हो!" तेव्हापासून त्या जुळवाताई झाल्या. पुढे हे नाव त्यांच्या मामेबहिणीच्या कानावर गेलं आणि ती एका लग्नात चारचौघींत म्हणाली, "बघा नशीब! जगाचं जुळवते आणि स्वतःचं तेवढं राहिलं." बायका हसल्या. ताईही हसल्या, न हसून करणार काय? पण पुढच्या लग्नाला त्या गेल्या नाहीत, आणि त्यानंतर कुणी आग्रहानं बोलावलंही नाही.

दुकान खाली होतं. टेबलावरचे दिवे, भिंतीवरचे दिवे, वाचायचे लांब मानेचे दिवे. ताईंचं टेबल वरच्या पोटमाळ्यावर, लाकडी जिन्यानं चढून जावं लागे. तिथे एक संगणक, पार्सलांच्या पुठ्ठ्यांची चळत आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. खालून गिऱ्हाइकांचे आवाज यायचे, पण शब्द कळायचे नाहीत. दुपारी त्या डबा उघडायच्या तेव्हा खालचे दोघे विक्रेते मागच्या खोलीत जेवत असायचे. सुरुवातीला त्यांनी हाक मारली होती, "ताई, या ना खाली." ताई म्हणाल्या होत्या, "एवढं संपवते नि येते." असं चार-पाचदा झालं आणि हाक थांबली. चूक त्यांचीही नव्हती. येते म्हणून न येणाऱ्याला माणूस किती दिवस हाका मारणार?

घरी आई होती तोवर तिला सांगायला काहीतरी असायचं. कुठल्या गिऱ्हाइकानं दिवा उलटा बसवून तक्रार केली, कोणी बल्ब नाही म्हणून अख्खा दिवा परत पाठवला. आई अंथरुणातून विचारायची, "मग? जुळलं का आज?" आई गेली. धाकटा भाऊ दूरच्या शहरात होता. तो रविवारी फोन करायचा, मग एकाआड एक रविवारी, मग आठवण होईल तेव्हा. ताईंनी कधी तक्रार केली नाही. संसारी माणूस, त्याचे व्याप त्याला.

त्या वर्षी ऑडिटरांनी कागद परत पाठवले. वर एकच ओळ होती, "ऑनलाइन विक्री आणि गेटवेची जमा यांत फरक. खुलासा करावा."

मालकांनी ती ओळ वाचली आणि खांदे उडवले. "बँकेत कमी आलेत का?"

"नाही. कापलेलं कमिशन धरलं तर विक्रीपेक्षा जास्त आलेत," ताई म्हणाल्या.

"जास्त? मग रडायचं कशाला? किरकोळ फरक म्हणून टाकून द्या एका ओळीत."

"कमी आले असते तर ते आपले होते. जास्त आलेत म्हणजे ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत," ताई म्हणाल्या.

मालक वाईट माणूस नव्हते, घाईत असायचे इतकंच. ते म्हणाले, "बघा मग. तुम्ही बघितल्याशिवाय सोडणार थोड्याच?"

ताई कामाला लागल्या. गिऱ्हाईक वेबसाइटवर पैसे भरतं ते थेट दुकानाच्या खात्यात येत नाहीत. ते आधी पेमेंट गेटवेकडे जातात. गेटवे दिवसभराची रक्कम एकत्र करतो, आपलं कमिशन आणि त्यावरचा कर कापतो, कुणाला रिफंड दिला असेल तर तोही त्यातून वळता करतो, आणि उरलेली एकच ढोबळ रक्कम दोनेक दिवसांनी बँकेत टाकतो. त्यामुळे बँकेतला एक आकडा म्हणजे आत वीस-तीस गिऱ्हाइकं बांधलेली मोळी. ऑनलाइनचा हिशेब त्या वर्षापर्यंत दुसऱ्याच एका हिशेबनिसाकडे होता, आणि तो मोळीला मोळी लावायचा. त्यामुळे कधी कमिशनमुळे, कधी जुन्या महिन्यातल्या रिफंडमुळे फरक पडायचा आणि तो प्रत्येक वेळी "किरकोळ" या खात्यात ढकलायचा. ते खातं म्हणजे घरातली अडगळीची खोली झाली होती.

ताईंनी मोळी सोडली. गेटवेच्या साइटवरून वर्षभराचा सेटलमेंट रिपोर्ट उतरवून घेतला. त्यात प्रत्येक पेमेंटची वेगळी ओळ होती, पेमेंट क्रमांक, मूळ रक्कम, कापलेलं कमिशन, कर, आणि ते कोणत्या दिवशीच्या जमेत गेलं ते. दुसरीकडे दुकानाच्या डेटाबेसमधून सगळ्या ऑर्डरी काढल्या. पैसे भरलेल्या प्रत्येक ऑर्डरपुढे तोच पेमेंट क्रमांक असायला हवा. मग क्रमांकाला क्रमांक. जुळलेल्या ओळी बाजूला, न जुळलेल्या समोर.

आधी सोपी माणसं निघाली. वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत पैसे भरलेल्यांची रक्कम नव्या वर्षात जमा झाली होती, ती त्यांनी वेगळी दाखवली. परत गेलेल्या मालाचे रिफंड वजा ओळींत सापडले. कमिशन आणि कर खर्चाला लावले. असं करत करत शेवटी मोजकी पेमेंट उरली. गेटवे म्हणत होता, पैसे घेतले आणि तुम्हाला दिले. दुकानाचा डेटाबेस म्हणत होता, अशी ऑर्डर आलीच नाही.

सगळी एकाच पंधरवड्यातली.

ताईंनी वेबसाइटवालीला फोन लावला. ती एक चुणचुणीत मुलगी, दुसऱ्या गावातून घरी बसून पाच-सहा दुकानांच्या साइटी सांभाळायची.

"थांबा हं ताई, बघते." कीबोर्डचा आवाज झाला. "अरे देवा! ताई, याच दिवसांत मी साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती."

"बरं. मग?"

"म्हणजे बघा. पैसे भरले की गेटवे दोन वाटांनी कळवतो. एक तर गिऱ्हाईक बँकेच्या ॲपमधून परत आपल्या साइटवर येतं, धन्यवादचं पान दिसतं, तेव्हा ऑर्डर पक्की होते. आणि कोणी मध्येच फोन बंद केला तर? म्हणून गेटवे आपल्या सर्व्हरला परस्पर निरोपही पाठवतो, की अमक्याचे पैसे आले. तो निरोप मी पत्ता बदलायचा विसरल्यामुळे जुन्या घरी जात होता."

"आणि जुन्या घरानं घेतला?"

"घेतला ना, तेच तर! जुना सर्व्हर चालूच होता. पोच देत होता, म्हणून गेटवेनंही बोंब मारली नाही. इकडे नव्या घरात ती ऑर्डर 'पैसे यायचेत' म्हणून पडून राहिली आणि एक दिवसानंतर साफसफाईत उडाली. तशा ऑर्डरी आपोआप पुसल्या जातात." मुलीचा आवाज खाली आला. "पंधरा दिवसांनी लक्षात आलं तेव्हा पत्ता बदलला. पण मधल्या ऑर्डरी बघायला हव्या होत्या. मी पाहिलंच नाही. जुनी मशीनही नंतर मोडीत निघाली."

"माणसाच्या हातून होतं," ताई म्हणाल्या. "आता घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं तरी."

उरलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच वेळी दुकानात फोन करून आरडाओरडा केला होता. मालकांनी त्यांना माल पाठवला होता आणि डेटाबेसमध्ये हातानं ऑर्डर घालताना "रोख" असं लिहिलं होतं. ताईंनी हे दाखवलं तेव्हा मालकांनी कपाळावर हात मारला. "म्हणून त्या महिन्यात गल्ला कमी भरत होता! मी रोज रात्री तीन-तीनदा मोजायचो हो. मला वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालं."

आणखी एका गिऱ्हाईक बाईंना फोन केल्यावर त्या म्हणाल्या, "मी तर विसरूनच गेले होते, पाठवून द्या." तेही झालं.

राहिलं एक पेमेंट.

रक्कम साडेतीन हजार आणि वर दीडशे. हे दीडशे ताईंना तोंडपाठ होते, ते भेटीच्या वेष्टणाचे. म्हणजे लांब मानेचा वाचायचा दिवा, आणि तो कुणालातरी भेट म्हणून. म्हणूनच कोणी ओरडलं नव्हतं. देणाऱ्याला वाटलं पोचला. घेणाऱ्याला माहीतच नाही की काही यायचं होतं.

पत्ता ऑर्डरीबरोबर पुसला गेला होता. गेटवेच्या ओळीत पैसे भरणाऱ्याचा फोन नंबर तेवढा होता. ताईंनी दुपारी, दुकानात सामसूम असताना तो लावला.

"नमस्कार. दिव्यांच्या दुकानातून बोलतेय. गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे पैसे भरले होते, पण—"

"आणि आता तुम्हाला ते परत द्यायचेत," पलीकडून एक म्हातारा, खरखरीत आवाज म्हणाला. "त्यासाठी मी तुम्हाला माझा खाते नंबर सांगायचा. मग एक कोड येईल, तोही सांगायचा. बरोबर?"

"नाही हो, मी—"

"बाई, मी बासष्टाव्या वर्षी एकदा फसलोय. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितो माणूस. ठेवा फोन."

ताईंना हसू आलं. "फुंकाच. मला काही सांगू नका. तुमच्याकडे दुकानाची जाहिरात असेल, नाहीतर वेबसाइटवर नंबर आहे. तुम्हीच तो शोधून फोन करा. मालक उचलतील. त्यांना म्हणा, वरच्या बाईंना द्या."

पाचेक मिनिटांनी खालून मालकांची हाक आली. "जुळवाताई, कोणीतरी विचारतंय, वरती बाई आहेत का म्हणून!"

आता आवाज बराच नरमला होता. गृहस्थ टाइपरायटर दुरुस्त करायचे. म्हणजे आता करत नव्हते, कारण दुरुस्त करायला टाइपरायटरच उरले नव्हते. ताईंनी झाला प्रकार सावकाश सांगितला. पैसे आले, निरोप चुकीच्या ठिकाणी गेला, ऑर्डर पुसली गेली, दिवा निघालाच नाही.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे त्याला मिळालाच नाही?"

"नाही. दुकानातून बाहेरच पडला नाही तो दिवा. चूक आमची."

"मला पैसे गेल्याचा मेसेज आला. मी फोन खिशात घातला. म्हटलं झालं." ते म्हणाले. "मी वर्षभर काय काय बोललोय त्याला, मनातल्या मनात."

मग ते सांगत गेले. विचारायची गरजच पडली नाही. बोलायला माणूस न मिळालेल्याचं बोलणं कसं असतं ते ताईंना ओळखू येत होतं. एका वाक्यात दुसरं घुसत होतं. दुकान दोघांचं होतं, भागीदारीत. हे यंत्र खोलायचे, भागीदार गिऱ्हाईक सांभाळायचा. संगणक आले तेव्हा भागीदार म्हणाला, आपणही तिकडे वळू. हे म्हणाले, मेलो तरी वळणार नाही. भागीदारानं आपला हिस्सा काढून घेतला आणि मुलाकडे राहायला गेला. जाताना यांनी त्याला एक वाक्य ऐकवलं होतं. ते वाक्य त्यांनी ताईंना सांगितलं नाही. "तोंडातून गेलं ते गेलं," एवढंच म्हणाले.

"नंतर कुणाकडून तरी कळलं, त्याचे डोळे अधू झालेत. पेपर वाचता येत नाही. तो सकाळी पेपर वाचून दाखवायचा आणि मी स्क्रू घट्ट करायचो, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. म्हणून म्हटलं, दिवा पाठवावा. फोन करायची हिंमत नव्हती. दिवा पाहून करेल तो फोन, असं वाटलं. नाही केला. मग मी म्हटलं, घेतला गुपचूप आणि मिंधेपण नको म्हणून गप्प बसला."

"आता पाठवू का दिवा?"

"आता काय करायचंय? आता म्हणे त्याला काहीच दिसत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी शटर खाली ओढलं. ताईंच्या समोर ती एक ओळ पडद्यावर तशीच होती. रिफंडचा पर्याय पुसट झालेला, कारण गेटवे इतक्या जुन्या पेमेंटचा रिफंड करू देत नव्हता. पैसे बँकेतून वेगळे पाठवता आले असते. फरक शून्य झाला असता, ऑडिटरांचं समाधान झालं असतं.

"एक करा ना," टाइपरायटरवाले म्हणाले. "पैसे राहू देत. त्याला फोन करून सांगाल का, की मी पाठवला होता? मी सांगितलं तर म्हणेल, आता कशाला थापा मारतोस. तुम्ही दुकानातून सांगितलंत तर पटेल."

हे काम हिशेबात बसणारं नव्हतं. ताईंनी मालकांना विचारलं. मालक डोकं खाजवत म्हणाले, "गिऱ्हाइकाचा माल पोचला नाही, ते सांगायला फोन करायचा. करा. आपलीच चूक ना?"

टाइपरायटरवाल्यांनी दिलेल्या नंबरवर ताईंनी फोन लावला, तो भागीदारांच्या सुनेनं घेतला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. ताईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, तारखेसकट. कोणी पैसे भरले ते सांगितलं.

"वाचायचा दिवा?" भागीदार म्हणाले. "केवढ्याचा?"

ताईंनी रक्कम सांगितली.

"वेष्टण धरून?"

"हो. दीडशे वेष्टणाचे."

"त्यानं? वेष्टणाचे पैसे दिले त्यानं?" आणि ते हसायला लागले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि मागून सून "बाबा, पाणी" म्हणाली. "अहो, तो माणूस एक स्क्रू हरवला तर रस्ता झाडायचा. तुम्ही खरंच दुकानातून बोलताय ना?"

"खरंच. रिपोर्ट समोर आहे माझ्या."

हसू ओसरलं. "मग तो पाठवा," भागीदार म्हणाले.

ताई अडखळल्या. "पण तुम्हाला..."

"मला नाही दिसत. पण संध्याकाळी माझ्या खोलीत दिवा लावायचं कुणाला सुचत नाही. यांना वाटतं, याला काय करायचाय. मग येणारा दारातूनच बघतो, अंधार आहे, झोपले असतील, म्हणून परत जातो. दिवा असला तर निदान कळेल तरी, की मी जागा आहे."

पत्ता लिहून घेताना त्यांनी पिनकोड दोनदा विचारला.

डेटाबेसमध्ये त्यांनी नवी ऑर्डर घातली, वेष्टणासकट, आणि "रोख" न लिहिता तिच्यापुढे तो जुना पेमेंट क्रमांक टाकला. टिपणीत मूळ तारीख लिहिली. मग सगळी जुळणी पुन्हा चालवली. न जुळलेल्या ओळींचं पान रिकामं आलं. ऑडिटरांना खुलासा गेला. त्यांच्याकडून उत्तर आलं, "ठीक." वेबसाइटवालीनं साफसफाईला नवा नियम घातला, ऑर्डर पुसण्याआधी गेटवेला विचारायचं, याचे पैसे खरंच आले नाहीत ना? आणि ताई आता वर्षअखेरची वाट न बघता रोज सकाळी आदल्या दिवसाच्या जमेची मोळी सोडू लागल्या.

दिवा पोचल्याचं कोरिअरच्या साइटवर दिसलं. त्याहून जास्त काही कळायला वाट नव्हती. त्या दोघांपैकी कुणालाही ताईंना कळवायचं कारण नव्हतं. काम झालं होतं. तरी फोन वाजला की त्यांचा हात आधी पुढे व्हायचा. कधी बँकेची जाहिरात असायची, कधी पुठ्ठेवाला.

एके दिवशी दुपारी डबा संपवल्यावर त्यांना राहवलं नाही. निमित्त तयार होतं, दिवा नीट लागतोय का, बल्ब बरोबर आहे का, एवढं दुकानानं विचारायला काय हरकत आहे? त्यांनी भागीदारांचा नंबर लावला. ते दुसऱ्या फोनवर बोलत होते. थोड्या वेळानं पुन्हा लावला, अजून चालूच. मग टाइपरायटरवाल्यांना लावून पाहिला. तोही बोलण्यात गुंतलेला.

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. दोघेही आणखी कुणाशी बोलत असतील, असंही असू शकतं. नुसता अंदाज त्या कागदावर कधी लिहीत नसत. पण त्यांनी चहा करून आणला, कप संपेपर्यंत थांबल्या आणि परत दोन्ही नंबर लावले. दोन्हीकडे तेच.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. चेहऱ्यावर हसू आलेलं त्यांना कळलं आणि ते दाखवायला पोटमाळ्यावर पुठ्ठ्यांखेरीज कोणी नव्हतं, हेही कळलं. त्यांनी फोनमध्ये भावाचं नाव शोधून काढलं. घड्याळ पाहिलं. या वेळी तो कामात असतो. फोन परत खाली ठेवला.

खाली मागच्या खोलीत विक्रेते चहा पीत काहीतरी बोलत होते. नेहमीसारखे शब्द कळत नव्हते. ताईंनी रिकामा कप उचलला, तो विसळायला म्हणून जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली उतरल्या, कप विसळला. एकजण सरकून म्हणाला, "बसा ना ताई."

"नको," त्या सवयीनं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं, बसते थोडी."

त्या बसल्या. दिव्याचं सांगावंसं वाटत होतं, पण सुरुवात कुठून करायची ते उमगेना. ते दोघे कुठल्याशा सामन्याबद्दल बोलत राहिले, आणि त्या ऐकत राहिल्या.